नोटिशीचा रकाना

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा आणि कोरपना तालुक्यांत चुनखडीच्या आधाराने उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने, घुग्घुस-बल्लारपूरच्या आसपासच्या कोळशाच्या खाणी, दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, आणि अलीकडे वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या मुलखात सुरजागडची लोहखनिजाची खाण व कोनसरीचा कारखाना, असा जो उद्योगांचा पट्टा या अरण्यप्रदेशात पसरला आहे, त्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊ पाहणाऱ्या तंत्रज्ञाची पारख कोणत्या क्रमाने होते, हे मी काही वर्षे एका कारखान्याच्या आस्थापना विभागात बसून जवळून पाहिले आहे. बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते की आधी पदवी पाहत असतील, मग अनुभव, मग हाताखाली काम करून घेण्याची हातोटी. प्रत्यक्षात अर्ज समोर आल्यावर बोट ज्या रकान्यावर प्रथम जाते, तो हल्ली पूर्वसूचनेच्या मुदतीचा असतो: आहे ती नोकरी सोडून रुजू होण्यास किती दिवस लागतील? त्याच्या शेजारीच दुसरा रकाना असतो: पैसे भरून ही मुदत कमी करून घेण्याची तयारी आहे काय? पहिल्यास सर्वत्र नोटीस पीरियड म्हणतात, दुसऱ्यास बायआउट. हे दोन्ही प्रश्न विचारण्यास योग्यच आहेत. परंतु निवडीच्या पहिल्याच पायरीवर त्यांना जे आसन मिळाले आहे ते त्यांचे नव्हे, आणि तेथून ते उठविल्यावाचून या दोन जिल्ह्यांतील भरतीला न्याय्य आणि कार्यक्षम यांपैकी कोणतेही विशेषण लावता येणार नाही, असे माझे मत आहे.

चाळणी कशी चालते ते आधी पाहू. नोकरीच्या प्रचलित संकेतस्थळांवर अर्जदाराला आपली मुदत ठरीव खणांतून निवडावी लागते: पंधरा दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने, तीन महिने, तीन महिन्यांहून अधिक, अथवा मुदत चालूच आहे. भरती करणारा कारकून आपल्या बाजूने त्यांतला पहिला, दुसरा आणि शेवटचा खण तेवढा उघडा ठेवतो, आणि बाकीच्या खणांतली माणसे त्याच्या पडद्यावर उमटतच नाहीत. येथे कोणी कोणाचा अर्ज नामंजूर केलेला नसतो, नकाराचे पत्र नसते, कारणाची नोंद नसते. माणूस केवळ दिसेनासा होतो. मुलाखतीत अपयश आले तर निदान आपण कमी पडलो एवढे तरी त्याला कळते. या चाळणीत गळालेल्यास आपला अर्ज कोणी वाचलाच नाही, हेदेखील कधी कळत नाही.

आता हा रकाना नेमके काय मोजतो, याचा विचार करावा. तीन महिन्यांची मुदत ही अर्जदाराच्या आळसाची, अनिच्छेची अथवा अडचणीची खूण नसते. ती त्याच्या जुन्या मालकाने नेमणूकपत्रात घातलेली एक अट असते, आणि ते पत्र हाती पडले तेव्हा त्या अटीवर घासाघीस करण्याची त्याची ऐपत नव्हती. कामगारांच्या बाबतीत 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना आदेशांनी मासिक वेतनावरील कायम कामगारासाठी एक महिन्याची सूचना, किंवा तिच्या बदल्यात तेवढा पगार, एवढेच ठरविले होते, आणि तेही मालक व कामगार या दोघांना सारखेच लागू होते. परंतु इंजिनिअर, पर्यवेक्षक, लेखाधिकारी असा ज्याचा हुद्दा झाला, तो त्या आदेशांच्या छत्राबाहेर गेला आणि केवळ कराराच्या स्वाधीन झाला. आणि मोठ्या कंपन्यांच्या करारांत एका महिन्याचे तीन महिने होत गेले. म्हणजे पहिल्या रकान्यात उमटतो तो अर्जदार नव्हे, त्याचा मालक. ज्या मालकाने आपला माणूस घट्ट बांधून ठेवला, त्याच्या कृत्याची शिक्षा दुसरा मालक त्या माणसाला देतो, असा या व्यवहाराचा खरा अर्थ आहे.

याच मुलखातल्या खाणींचा कायदा या प्रश्नावर फार उद्बोधक आहे. खाणीचा व्यवस्थापक हा केवळ नोकर नसतो. सक्षमतेची सनद धारण करणारा व्यवस्थापक असल्याखेरीज खाण चालविताच येत नाही, कारण छत कोसळणे, वायू साठणे, पाणी घुसणे अशा गोष्टींशी तेथे शेकडो माणसांच्या जिवाची गाठ असते. अशा माणसाने एकाएकी चार्ज सोडून जाणे किती घातक, हे ओळखूनच कोळसा खाणींच्या विनियमांनी त्याच्यावर लेखी सूचनेचे बंधन घातले आहे. ते बंधन किती दिवसांचे? निदान तीस दिवसांचे. मालकाने पर्यायी व्यवस्था केली असेल तर त्याहूनही कमी मुदतीत त्याला मोकळे करण्याची सोय त्याच विनियमात आहे. आणि उलट बाजूने मालकावरही बंधन आहे की पात्र माणसाने येऊन सूत्रे हाती घेतल्यावाचून व्यवस्थापकाला हलवू नये अथवा काढू नये. जमिनीखाली माणसे उतरविणाऱ्या कायद्याला जेथे तीस दिवस पुरेसे वाटले, तेथे वातानुकूलित खोलीत बसून खरेदीच्या मागण्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नव्वद दिवस बांधून ठेवण्याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावे, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

एक प्रसंग तपशिलाने सांगतो. त्यात माझाही हात होता, म्हणूनच तो सांगणे मला कर्तव्य वाटते. आमच्या विद्युत-देखभाल विभागात शिफ्ट इंजिनिअरची एक जागा रिकामी झाली. अर्जांची अखेरची तारीख 10 जून होती आणि 43 अर्ज आले. मुख्य कार्यालयाकडून आलेल्या नमुन्यात मुदत तीस दिवसांहून अधिक असल्यास अर्ज पुढे न पाठविण्याची सूचना होती, आणि ती पाळून मी 31 अर्ज बाजूला ठेवले. त्या एकतीसांत चामोर्शी तालुक्यातला एक तरुण होता, ज्याने कोरपना तालुक्यातील एका कारखान्यात आठ वर्षे याच प्रकारचे काम केले होते, उच्चदाबाच्या स्विचयार्डाची जबाबदारी सांभाळली होती, विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना त्याच्याजवळ होता, आणि ज्याला या भागातला उन्हाळा, येथली रात्रपाळी आणि येथले लोक यांची सवय लावावी लागणार नव्हती. त्याची मुदत नव्वद दिवसांची होती. बायआउटच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते की कंपनीने परवानगी दिल्यास प्रयत्न करीन.

उरलेल्या बारांपैकी पाच ठेकेदाराच्या हजेरीवरचे निघाले. त्यांना कंपनीच्या थेट आस्थापनेवरील अनुभव नाही म्हणून वगळण्यात आले. चौघांना उच्चदाबाच्या कामाचा गंध नव्हता. राहिले तिघे. मुलाखती 28 जूनला झाल्या आणि 8 जुलैला पहिल्यास नेमणुकीचे पत्र गेले. तो आपल्या जुन्या कंपनीत मुदत भरीत होता, वीस दिवसांत येतो म्हणाला, मग पंधरा ऑगस्टनंतरची तारीख मागून घेतली, आणि शेवटी परराज्यातल्या एका कारखान्यात अधिक पगारावर निघून गेला. दुसऱ्यास 22 ऑगस्टला पत्र दिले. त्याने सहकुटुंब येऊन वसाहत पाहिली, शाळा व दवाखाना पाहिला आणि दोन आठवड्यांनी नकार कळविला. तिसरा मुलाखतीच्या वेळी बेकार होता, म्हणून ताबडतोब येण्यास सिद्ध होता. परंतु सप्टेंबरात त्याच्याकडे वळलो तोवर त्याने दुसरीकडे काम धरले होते आणि आता त्यालाही एक महिन्याची सूचना द्यावी लागणार होती. वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे उरकून तो 24 ऑक्टोबरला रुजू झाला. अर्जांच्या अखेरच्या तारखेपासून 136 दिवस गेले होते. चामोर्शीच्या त्या तरुणास 8 जुलैलाच पत्र दिले असते, त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता, आणि जुन्या कंपनीने एक दिवसाचीही सूट न देता पुरते नव्वद दिवस भरून घेतले असते, तरी तो 8 ऑक्टोबरला कामावर असता. सोळा दिवस आधी, आणि त्या तिघांपैकी कोणाहूनही अधिक योग्यतेचा.

हा केवळ योगायोग होता असे कोणी म्हणेल. मी तसे मानीत नाही, कारण ज्यास लवकर येणारा म्हणून निवडले जाते तो लवकर येण्याच्या स्थितीत का असतो, याची कारणे मोजकीच आहेत. एक तर तो बेकार असतो. त्यात दोष काहीच नाही, पण त्याला सर्वप्रथम जो बोलावील त्याच्याकडे तो जाणार. दुसरे, तो मुदत भरीत असतो. म्हणजे त्याने राजीनामा दिलेला असतो, आणि शहाणा माणूस हाती दुसरे पत्र असल्याखेरीज सहसा राजीनामा देत नाही. त्याच्याजवळ एक पत्र आधीच आहे. तुमचे पत्र हे त्याच्या हातातले दुसरे, आणि ते दाखवून तो तिसरे मिळविणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणजे अनिश्चितता टाळण्यासाठी लावलेली चाळणी नेमका तोच माणूस वर ठेवते ज्याच्या येण्याची शाश्वती सर्वांत कमी. लांब मुदतीच्या माणसाचे मन त्या नव्वद दिवसांत फिरू शकते हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी लपवीत नाही. पण तो माणूस ज्या दिवशी राजीनामा देतो त्या दिवशी तुमच्याखातर देतो, हा फरक लहान नव्हे.

ठेकेदाराच्या हजेरीवरच्या त्या पाच जणांकडे पुन्हा वळणे अवश्य आहे, कारण या दोन जिल्ह्यांचे विशेष दुखणे तेथे आहे. एटापल्ली, अहेरी, जिवती, गोंडपिपरी अशा तालुक्यांतून आलेल्या मुलाला आयटीआय अथवा पदविका पूर्ण केल्यावर पहिले काम मिळते ते बहुधा ठेकेदाराकडे. त्याला बांधून ठेवणारी मुदत नसते, कारण त्याला टिकवून ठेवण्याचे वचनच कोणी दिलेले नसते. नोटिशीच्या रकान्यात तो सहज उत्तीर्ण होतो आणि पुढच्याच रकान्यात, थेट आस्थापनेचा अनुभव नाही म्हणून, गळतो. पुढे कष्टाने तो थेट आस्थापनेवर चढला की तीन महिन्यांची अट त्याच्या नेमणूकपत्रात येते, आणि मग तो पहिल्याच रकान्यात अडतो. पुण्या-नागपूरच्या तरुणापुढे शंभर मालक असतात. एकाने चाळणी लावली तर दुसरा आहे. येथे त्या त्या कामाचे मालक मोजके, आणि बहुतेकांचे नमुने एकाच धाटणीचे. म्हणून तेथे जी गैरसोय ठरते, ती येथे कोंडी ठरते.

बायआउटच्या रकान्यात तर प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. उरलेल्या दिवसांचा पगार भरून मोकळे होण्याची सवलत बहुतेक करारांत व्यवस्थापनाच्या मर्जीवर ठेवलेली असते. अर्जदाराने तयारी दाखविल्याने ती मिळत नाही. म्हणून ‘होय’ लिहिणारा आपल्या हाती नसलेल्या गोष्टीची कबुली देतो, आणि ‘परवानगी मिळाल्यास’ असे लिहिणारा खरे बोलून मागे पडतो. शिवाय रकमेचा हिशेब पाहावा. समजा, एकाचा मासिक पगार सर्व मिळून 60,000 रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन 24,000. नव्या कंपनीला तो साठ दिवस आधी हवा आहे. जुन्या करारात वसुली मूळ वेतनावर असेल तर त्याला 48,000 रुपये भरावे लागतील. एकूण पगारावर असेल तर 1,20,000. एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांत 72,000 रुपयांचे अंतर पडते, आणि ते ठरते करारातल्या एका शब्दावर, जो नेमणूकपत्र घेताना कोणी वाचलेला नसतो. ही रक्कम नवी कंपनी पुढे भरून देते असे सांगितले जाते. पण पुष्कळदा ती रुजू झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या पगाराबरोबर येते, वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करण्याच्या अटीवर येते, आणि त्याच्या उत्पन्नात मिळवून तिच्यावर कर आकारला जातो. तोवर हातातून जाणारे पैसे कोठून आणायचे? ज्याच्या घरी शेत गहाण नाही, बहिणीचे लग्न उरकले आहे आणि बाप पेन्शनवर आहे, तो ‘होय’ लिहू शकतो. योग्यतेच्या परीक्षेच्या नावाखाली ही ऐपतीची परीक्षा झाली.

पैसे न भरता, मुदत न भरता सरळ निघून का जात नाही, असेही कोणी विचारील. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध सेवेत राहण्यास आपली न्यायालये लावीत नाहीत, हे खरे. नुकसानभरपाई मागता येते, तीही करार कायद्यानुसार वाजवी तेवढीच. तथापि खरा फास न्यायालयात नसतो. तो कार्यमुक्तीच्या पत्रात असतो, जे नसले तर पुढचा मालक दारातूनच परतवितो. आणि तो भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात असतो, जेथे जुनी कंपनी सोडल्याची तारीख न भरल्यास माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीत असल्याचे दिसते. ही तारीख सभासदाने स्वतः नोंदविण्याची सोय 2020 पासून झाली आहे, पण तीही अखेरच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून.

या ठिकाणी मला आमच्या विदर्भातील सालदारकीची आठवण होते. पुष्कळ गावी सालदाराचे वर्ष पाडव्याला संपे आणि पाडव्यालाच नवे ठरे. त्या पद्धतीतला जुलूम मला ठाऊक आहे. उचल घेतलेला गडी उचलीखाली दबून पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यावर राबला, आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु तिच्यातल्या दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. सर्वांची मुदत एकाच दिवशी संपत असल्यामुळे कोण किती दिवसांनी सुटतो, यावरून गडी निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तो निवडला जाई तो नांगरटीवरून, बैलांच्या निगेवरून, सचोटीवरून. आणि ज्या नव्या मालकाला तो हवा असे, तो जुन्याची उचल फेडून त्याला घेऊन जाई. तो पैसा पुन्हा गड्याच्याच नावे मांडला जाई, हे त्या पद्धतीचे पाप होते. पण तुझ्याजवळ उचल फेडण्याइतके पैसे आहेत काय, नसतील तर तुझा नांगर मी पाहणारच नाही, असे गड्याला दारात विचारण्याची कल्पना त्या काळच्या सावकारालाही सुचली नव्हती.

मग ही चाळणी इतकी घट्ट का बसली? एक कारण मध्यस्थांच्या व्यवहारात आहे. भरती करून देणाऱ्या संस्थेला तिचा मेहनताना, जो बहुधा वार्षिक पगाराचा बारावा हिस्सा असतो, उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावर मिळतो. साहजिकच वीस दिवसांत येणारा माणूस तिला नव्वद दिवसांत येणाऱ्याहून अधिक लायक दिसतो. दुसरे कारण कंपनीच्या स्वतःच्या दिरंगाईत आहे. जागा रिकामी होणार हे ठाऊक असूनही मंजुरीस महिना, जाहिरातीस पंधरवडा, मुलाखतीनंतर पगार ठरविण्यास आणखी तीन आठवडे, असे आपले दिवस खर्ची घातल्यावर घाईचा सगळा भार अर्जदाराच्या मुदतीवर टाकला जातो. हे आपल्याकडे घडते आहे की नाही ते ओळखण्याची रीत सोपी आहे: गेल्या वर्षी भरलेल्या प्रत्येक जागेपुढे माणसाची मागणी नोंदविल्याची तारीख, नेमणूकपत्राची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख अशा तीन तारखा मांडाव्यात. पहिल्या दोहोंतले अंतर दुसऱ्या-तिसरीतल्या अंतराहून मोठे निघाले, तर उशीर अर्जदाराच्या नोटिशीमुळे झालेला नाही.

अपवाद आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. खाणीच्या व्यवस्थापकाची जागा अचानक रिकामी झाली तर कायद्याने तात्पुरती व्यवस्था मर्यादित दिवसांचीच चालते. भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद करण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्या कामाचा जाणता माणूस त्या दिवशी हवाच असतो. अशा जागेपुढे अमुक तारखेपर्यंत रुजू होणे आवश्यक, असे जाहिरातीतच कारणासह छापावे. ज्याला जमणार नाही तो अर्ज करणार नाही, आणि कोणाची फसगत होणार नाही. पण अशा जागा थोड्या. आणि थोड्यांसाठी असलेला नियम सर्व जागांना लावला गेला, ही तक्रार आहे.

या दोन जिल्ह्यांतील कारखान्यांच्या आणि खाणींच्या प्रमुखांना, आणि विशेषतः ज्यांच्या संगणकावर हे खण उघडझाप होतात त्या आस्थापना विभागातील माझ्या जुन्या व्यवसायबंधूंना, माझी विनंती एवढीच आहे. अर्जाच्या नमुन्यातून हे दोन्ही रकाने काढा. मुलाखत होऊन गुणानुक्रमे नावे ठरली की पहिल्या तिघांना एकाच दिवशी बोलावून विचारा: तुमची सुटका किती दिवसांत होईल, तुमच्या करारात वसुली मूळ वेतनावर आहे की एकूण पगारावर, आणि ती लवकर व्हावी यासाठी आम्ही किती रक्कम तुमच्या जुन्या कंपनीकडे थेट भरावी? ती रक्कम तुमच्या जागेच्या खर्चात धरा, अर्जदाराच्या खिशातून मागू नका. आणि आपल्या स्वतःच्या नेमणूकपत्रांत तीन महिन्यांची अट असेल, तर ती खाणीच्या कायद्याने मानलेल्या तीस दिवसांवर आणा.